शाळेचे विज्ञान प्रदर्शन: अर्ज कसा भरायचा, मांडणी कशी करायची, पालकांनी कधी यायचे

डिसेंबरातले आमचे शालेय विज्ञान प्रदर्शन यंदाही सभागृहातच भरेल. नाशिकच्या थंडीत सकाळी मैदानावर मंडप घालून मुलांना उभे करण्यापेक्षा सभागृह बरे, पण तिथे विजेची जोडणी मर्यादित आहे. म्हणून यंदाच्या अर्जात प्रकल्पाच्या नावाइतकेच महत्त्व दुसऱ्या पानावरच्या ‘साहित्य व सुरक्षा तक्त्या’ला दिले आहे. हे पान अर्धवट असेल तर अर्ज परत येईल.

पाचवी ते दहावीचे विद्यार्थी भाग घेऊ शकतात. एका प्रकल्पात जास्तीत जास्त दोघे आणि एक मार्गदर्शक शिक्षक. पाचवी ते सातवी हा एक गट, आठवी ते दहावी हा दुसरा. एका विद्यार्थ्याचे नाव एकाच प्रकल्पात असावे. अर्ज वर्गशिक्षकांकडे मिळेल आणि प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी विज्ञान विभागात द्यायचा आहे. सोबत दोन पानांचा प्रकल्प अहवाल, पालकांचे संमतिपत्र आणि मार्गदर्शक शिक्षकांच्या सहीचा सुरक्षा तक्ता हवा. अहवालात प्रश्न काय होता, काय करून पाहिले, काय मोजले आणि काय दिसले एवढे मुलांच्या शब्दांत असू द्या. नेटवरून उतरवलेली प्रस्तावना नको.

तक्त्यात प्रत्येक विजेच्या वस्तूपुढे तिचा वॅट आकडा लिहायचा आहे. तो वस्तूच्या मागच्या पट्टीवर छापलेला असतो. हा आकडा का लागतो, ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा नववीच्या दोन मुली द्राक्षांचे बेदाणे करण्याचे वाळवणी यंत्र मांडणार आहेत. बागलाणात लवकर छाटणी केलेल्या बागांची द्राक्षे डिसेंबरात हाती येतात, त्यामुळे माल मिळेल. पेटीत 1000 वॅटचा हीटर आणि 40 वॅटचा पंखा. शेजारच्या टेबलावर पाणी तापवून दाखवणारे 500 वॅटचे उपकरण. दोन्ही टेबले एकाच 6 अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर. बेरीज 1540 वॅट. घरगुती वीज 230 व्होल्टची, म्हणून 1540 भागिले 230, म्हणजे सुमारे 6.7 अँपिअर. मर्यादेच्या किंचितच वर.

खरा धोका या ‘किंचित’मध्ये आहे. इतक्या कमी जादा भाराने 6 अँपिअरचा एमसीबी तासभरही पडत नाही. तो शॉर्टसर्किट झाले तर क्षणात पडतो, पण थोड्या जादा भाराला वेळ घेतो. तेवढ्या वेळात जिथे पिन सैल बसली आहे तिथे उष्णता साठत जाते. प्लग हाताला गरम लागणे, सॉकेटभोवती पिवळसर-तपकिरी डाग किंवा प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास यातले काहीही जाणवले की आधी स्विच बंद करायचा आणि मगच प्लग काढायचा. सभागृहात आरसीसीबी आहे, पण तो विजेचा धक्का लागू नये यासाठी असतो. जादा भाराशी त्याचा संबंध नाही.

मग या मुलींनी प्रकल्प सोडायचा का? मुळीच नाही. हीटरऐवजी 60 वॅटचे दोन साधे पिवळे बल्ब लावले तर पंखा धरून भार 160 वॅटवर येतो. बेदाणा वाळायला दिवस लागतात, तो प्रदर्शनात सुरुवातीपासून करून दाखवता येणारही नाही. तेव्हा घरी वाळवताना रोजच्या रोज केलेल्या वजनाची नोंदवही आणि निरनिराळ्या दिवसांचे नमुने बंद बरण्यांत ठेवावेत. चार किलो द्राक्षांतून साधारण एक किलो बेदाणा उरतो. आपल्या नोंदीत हे गुणोत्तर का वेगळे आले, हे सांगता आले तर परीक्षक थांबून ऐकतील. द्राक्षे बुडवण्याचे पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण अल्कधर्मी असते, म्हणून ते टेबलावर उघडे नको. हातमोजे घालून बुडवतानाचा फोटो पुरे.

प्रत्येक प्रकल्पाला चार फूट बाय दोन फुटांचे टेबल आणि मागे एक फलक. मजकूर हातभर अंतरावरून नव्हे, दोन पावलांवरून वाचता यावा. टेबलाखाली खोकी ठेवायची नाहीत, कारण तीच मार्गिकेत सरकतात. काही गोष्टी आणताच येणार नाहीत: गॅस सिलिंडर, पेट्रोल किंवा स्पिरिटची उघडी ज्योत, हायड्रोजनचे फुगे, पारा, तीव्र आम्ले आणि वाढवलेले जिवाणू. ज्वालामुखी करणारे दरवर्षी असतात. अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी चालणार नाही, कारण त्यातून उडणारी क्रोमियमयुक्त भुकटी श्वासात जाणे घातक आहे. सोडा आणि व्हिनेगर वापरा. लिथियम बॅटऱ्या घरून चार्ज करून आणाव्यात, सभागृहात चार्जर लावू नये.

परीक्षकांच्या फेऱ्या सकाळी दहाला सुरू होतील. 36 प्रकल्प धरले तर दोन-दोन परीक्षकांचे तीन चमू, प्रत्येकाकडे 12 प्रकल्प. एका टेबलाला आठ मिनिटे, त्यात पाच मिनिटे मुले बोलतील आणि तीन मिनिटे प्रश्न. पुढच्या टेबलापर्यंत जाऊन गुण लिहायला दोन मिनिटे. अशी पहिली फेरी बाराला संपते. इथेच निकाल लावला तर अन्याय होतो, कारण एक चमू सढळ हाताने गुण देतो आणि दुसरा काटेकोर असतो. एकाचे 80 आणि दुसऱ्याचे 68 सारख्याच दर्जाचे असू शकतात. म्हणून प्रत्येक चमूने आपले पहिले दोन प्रकल्प निवडायचे आणि सव्वाबारापासून त्या सहा टेबलांवर सहाही परीक्षकांनी एकत्र जायचे, प्रत्येकी दहा मिनिटे. परीक्षक बाहेरच्या शाळांतले असतील. कुणाचा नातलग विद्यार्थी असेल तर त्याने ते आधी सांगावे आणि त्या टेबलाचे गुण देऊ नयेत. या वेळेत टेबलाशी फक्त मुले असतील. मार्गदर्शक शिक्षकांनाही दाराबाहेर थांबावे लागेल.

पालकांसाठी वेळ दुपारी दोन ते पाच. पाचवी ते सातवीच्या पालकांनी दोन ते साडेतीन, आठवी ते दहावीच्या पालकांनी साडेतीन ते पाच या वेळेत यावे. संमतिपत्राची पोचपावती हाच प्रवेशपास. सकाळी पालकांना सोडत नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. वडील मागे उभे असले की मूल परीक्षकांऐवजी त्यांच्याकडे पाहून बोलते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. लहान भावंडांचा हात सोडू नका. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो व्हॉट्सअॅप गटांवर टाकू नका. चारचाकी शाळेच्या गल्लीत आणू नका, रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी यायची झाली तर तोच एक रस्ता आहे.

सभागृहाच्या दोन्ही दारांशी अग्निशामक सिलिंडर असतील. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे सकाळी आठला पाहून नोंद होईल. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचे वजन करून पाहतात. विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही, आधी मुख्य स्विच. तो कुठे आहे ते आदल्या दिवशीच्या मांडणीच्या वेळी प्रत्येक गटाला दाखवू. अग्निशमन 101, रुग्णवाहिका 108, इतर कोणतीही तातडीची मदत 112.

पाच वाजता मुख्य स्विच बंद होईल आणि त्यानंतरच प्लग काढायचे. बॅटऱ्या सुट्या करून साहित्य त्याच दिवशी घरी न्यायचे. निवडलेल्या प्रकल्पांना पुढच्या स्तरावरच्या प्रवेशासाठी मुख्याध्यापकांचे पत्र आणि बोनाफाईड लागते. त्यासाठी विद्यार्थ्याच्या नावाचे स्पेलिंग शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणेच अर्जात लिहा.