तेलाची चूळ: फायदा किती आणि जपायचे कुठे

आमच्याकडून तिळाचे किंवा खोबरेल तेल नेणारे बरेच ग्राहक ते चूळ भरण्यासाठी नेतात. तेल आम्हीच विकतो, म्हणून त्याच्या मर्यादाही आम्हीच सांगितल्या पाहिजेत असे आम्हाला वाटते.

तोंडात तेल धरणे आणि खुळखुळवणे हे आयुर्वेदात गंडूष आणि कवल या नावांनी जुन्या काळापासून आहे. गंडूषात तोंड पूर्ण भरून तेल नुसते धरून ठेवतात, कवलात ते फिरवता येईल एवढेच घेतात. घरी करायचे ते कवलच, म्हणजे थोडे तेल.

फायद्याबद्दल जे तपासले गेले आहे ते असे. भारतात 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 20 किशोरवयीन मुलगे होते. निम्म्यांनी तिळाच्या तेलाची चूळ भरली, निम्म्यांनी क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश वापरला. 10 दिवसांनी दोन्ही गटांत दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी झाली होती. ऐकायला छान वाटते, पण मुले 20 आणि दिवस 10! खोबरेल तेलावरच्या 4 चाचण्यांचा, एकूण 182 जणांचा, आढावा 2020 साली आला. त्यात फायद्याची चिन्हे दिसली, मात्र चाचण्यांचा दर्जा पाहता ठाम निष्कर्ष काढता आला नाही. दाताची कीड थांबते, दात पांढरे होतात किंवा शरीरातले विष बाहेर पडते, याला भरवशाचा पुरावा नाही. थुंकलेले तेल पांढरे दिसते ते लाळ आणि हवा त्यात घुसळली गेल्यामुळे; तो रंग विषाचा नाही. म्हणून ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि दातांच्या फटींची सफाई चालूच ठेवा. तेल हे त्याशिवायचे, जास्तीचे. किडलेल्या दाताला तेलाची चूळ हा उपाय नव्हे.

आता फुप्फुसाचे. पाणी चुकून श्वासनलिकेत गेले तर लगेच ठसका लागतो आणि ते बाहेर येते. तेल मऊ असते, त्याने घशाला फारशी टोचणी लागत नाही, त्यामुळे थोडेसे तेल ठसका न लागताही खाली उतरू शकते. फुप्फुसातल्या पेशी ते गिळतात, पण त्यांना ते नीट पचवता येत नाही. तेल साचत जाते, भोवती सूज येते. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. हे दुर्मिळ आहे. पण तेलाची चूळ भरणाऱ्यांमध्ये असे रुग्ण आढळल्याचे कोरिया आणि जपानमधल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे.

हे सहसा कसे उलगडते, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. साठीच्या एक बाई रोज पहाटे, अंथरुणात उशीला टेकून, मोठा चमचाभर तेल तोंडात धरतात. मधूनच डुलकी लागते. काही आठवड्यांनी कोरडा खोकला सुरू होतो, मग जिना चढताना धाप लागते, अधूनमधून कणकण येते. एक्स-रेमध्ये डाग दिसतो, न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिले जाते. थोडे बरे वाटते, महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी सीटी स्कॅनमध्ये त्या डागात चरबीइतकी कमी घनता दिसते, आणि तेव्हा कोणीतरी विचारते, ‘तोंडात किंवा नाकात तेल घेता का?’ उपचारातली पहिली पायरी म्हणजे तेल बंद करणे.

या बाईंचे चुकले काय, तर तेल जास्त होते, पाठ टेकलेली होती आणि डोळ्यांवर झोप होती. तुम्ही लहान चमचाभर, साधारण 5 मिली तेल घ्या. पूर्ण जागे झाल्यावर ताठ बसा, हनुवटी किंचित खाली ठेवा. तेल दातांमधून सावकाश फिरवा. मान मागे टाकून घशात खळखळ करू नका, मध्येच बोलू नका, हसू नका. सुरुवातीला 5 मिनिटे पुरेत. लाळेने तोंड भरत चालले की वेळ न पाहता थुंका; गिळायचे नाही. थुंकायचे ते कचऱ्याच्या डब्यात. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली गोठते, बेसिनचा पाइप त्याने तुंबतो. मग पाण्याने चूळ भरा आणि नेहमीसारखा ब्रश करा.

लहान मुलांना हे करायला लावू नका. ज्यांना गिळताना ठसका लागतो, पक्षाघात किंवा पार्किन्सन आहे, घशाशी वारंवार आंबट येते किंवा झोपेच्या गोळ्यांची गुंगी असते, त्यांनीही करू नये. तिळाची ॲलर्जी असेल तर तिळाचे तेल तोंडात घेऊच नका.

करताना जोराचा ठसका लागला आणि त्यानंतर खोकला, ताप किंवा छातीत दुखणे सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दम लागत असेल तर थांबूच नका. ठसका लागला नसला, तरी आठवडे टिकणारा खोकला असेल तर चूळ बंद करा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा: कोणते तेल, किती, किती दिवसांपासून. तपासताना हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही, आणि घरगुती गोष्ट म्हणून आपणही ती सांगत नाही.