सब्जंक्टिव्ह (स्पॅनिश व्याकरण)

स्पॅनिशमध्ये मुख्य वाक्यात शंका, इच्छा, गरज किंवा भावना असली की 'के' (मराठी 'की') या शब्दानंतरच्या गौण वाक्यातले क्रियापद ज्या रूपात येते, त्याला सब्जंक्टिव्ह म्हणतात. बोलणारा एखादी गोष्ट 'असे आहे' म्हणून स्वतः सांगत असेल, तर क्रियापद साध्या रूपात, म्हणजे मराठी व्याकरणातल्या स्वार्थात राहते. या नोंदीतली स्पॅनिश वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. स्पॅनिशमध्ये 'ब' आणि 'व' यांचा उच्चार एकच असल्याने सगळीकडे 'ब' लिहिला आहे.

मराठी माणसाला या विषयात एक सोय आहे आणि एक सापळाही. सोय अशी की आपल्याकडे 'यावं, जावं, करावं' हा विध्यर्थ आहे. इच्छा आणि गरज या दोन बाबतींत स्पॅनिश जवळजवळ त्याच वाटेने जाते. सापळा असा की शंका आणि भावना या बाबतींत मराठी स्वार्थच वापरते, स्पॅनिश मात्र रूप बदलते. चुका बहुतेक करून या दुसऱ्या जोडीत होतात.

वर्तमानकाळातले रूप करायला सोपे आहे. 'मी'चे रूप घ्यावे, शेवटचा 'ओ' काढावा आणि उलटा स्वर लावावा. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदाला 'ए', 'एर' आणि 'इर'ने संपणाऱ्यांना 'आ'. आब्लो (मी बोलतो) याचे आब्ले, कोमो (मी खातो) याचे कोमा, तेंगो (माझ्याकडे आहे) याचे तेंगा. या रीतीत न बसणारी क्रियापदे सहाच आहेत. त्यांची रूपे अशी : दे (देणे), एस्ते आणि सेआ (दोन प्रकारचे 'असणे'), आया (सहायक क्रियापद), बाया (जाणे), सेपा (माहीत असणे). आघाताकडे मात्र लक्ष हवे. आब्लेमध्ये जोर 'आ'वर असतो. तो 'ले'वर गेला तर अर्थ 'मी बोललो' असा होतो.

इच्छेचे सर्वांत साधे उदाहरण : किएरो के बेंगास, 'तू यावं असं मला वाटतं'. दोन्ही भाषांत इच्छा एकाची आणि येणारा दुसरा. कर्ता एकच असेल तर 'के' लागत नाही आणि सब्जंक्टिव्हही येत नाही : किएरो इर, 'मला जायचंय'. इथे किएरो के बाया असे म्हटले तर ऐकणाऱ्याला ते तिसऱ्याच कुणाच्या जाण्याबद्दल वाटते. गरजेचेही तसेच. एस नेसेसारियो के बायामोस तेम्प्रानो, 'आपण लवकर जाणं गरजेचं आहे'. पण तेनेमोस के इर, 'आपल्याला जावं लागेल', यात 'के' दिसला तरी तो वाक्य जोडणारा नाही. त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूपच येते.

ओहाला या शब्दानंतर नेहमी सब्जंक्टिव्ह. तो अंदलुसी अरबीतून स्पॅनिशमध्ये आला, मूळ अर्थ 'देवाची इच्छा असेल तर'. मराठवाड्यात इन्शाअल्लाह कानावर पडलेले असते, त्यामुळे तो लक्षात राहतो. ओहाला युएबा म्हणजे 'पाऊस पडो'. मराठीतही इथे क्रियापदाचे रूप बदललेले आहे.

शंकेत वाटा फुटतात. 'तो येईल असं मला वाटत नाही' यात 'येईल' हे साधे भविष्यकाळी रूप आहे. स्पॅनिशमध्ये क्रेओ के बिएने (तो येतो असं वाटतं) यात स्वार्थ, पण नो क्रेओ के बेंगा यात सब्जंक्टिव्ह. नकार आला की बोलणारा 'तो येतो' या विधानाची जबाबदारी घेत नाही, म्हणून रूप बदलते. एस बेर्दाद के (खरं आहे की) यानंतर स्वार्थ, नो एस बेर्दाद के यानंतर सब्जंक्टिव्ह, तेही याच कारणाने. नुसता नकार पाहून मात्र भागत नाही. नो क्रेआस के एस फासिल, 'हे सोपं आहे असं समजू नकोस', यात 'क्रेआस' नकारार्थी आज्ञा म्हणून सब्जंक्टिव्ह आहे, पण पुढचा 'एस' स्वार्थातच राहतो. नो दुदो के (शंका नाही की) यानंतर दोन्ही रूपे ऐकू येतात. ऐकताना त्यावर अडून बसू नये.

भावनेचे कारण समजायला सर्वांत अवघड. 'तुम्ही आलात याचा आनंद झाला' यात येणे घडून गेलेले आहे, शंकेला जागाच नाही. तरी स्पॅनिशमध्ये मे आलेग्रो दे के आयान बेनिदो असे सब्जंक्टिव्ह येते. कारण तुम्ही आलात ही बातमी मी देत नाही. ती दोघांनाही माहीत आहे. वाक्यातली नवी गोष्ट फक्त आनंद. म्हणून 'खरं की खोटं' हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. 'ही गोष्ट मी समोरच्याला सांगतोय का?' हा प्रश्न चारही ठिकाणी चालतो.

मराठी 'वाटणे' हे एकच क्रियापद हा प्रश्न स्पष्ट करते. 'तो आजारी आहे असं वाटतं' म्हणजे अंदाज : सिएंतो के एस्ता एन्फेर्मो, स्वार्थ. 'तो आजारी आहे याचं वाईट वाटतं' म्हणजे भावना : सिएंतो के एस्ते एन्फेर्मो, सब्जंक्टिव्ह. स्पॅनिशमध्येही क्रियापद एकच आहे, सिएंतो. अर्थ ठरतो तो 'एस्ता' की 'एस्ते' यावरून. म्हणून भाषांतर करताना 'वाटतं'ला एकच प्रतिशब्द पाठ करू नये. अंदाज, इच्छा की भावना, हे आधी ठरवावे. दिसे (म्हणतो) याचेही असेच. दिसे के बिएने, 'तो येतो म्हणतो', ही बातमी. दिसे के बेंगास, 'तू ये म्हणतो', हा निरोप.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी छत्रपती संभाजीनगरला उतरलेल्या स्पॅनिश पाहुण्यांना वाटाड्याला सांगायचे आहे : 'आपण मंगळवारी गेलेलं बरं, कारण सोमवारी लेणी बंद असतात. पाऊस थांबेल असं वाटत नाही, पण तुम्ही आलात याचा आनंद आहे.' पहिला तुकडा सल्ला आहे : एस मेहोर के बायामोस एल मार्तेस. 'कारण' म्हणजे सरळ माहिती, म्हणून स्वार्थ : पोर्के लोस लुनेस एस्तान सेर्रादास. पाऊस थांबण्याची खात्री नाही : नो क्रेओ के पारे ला युबिया. शेवटी भावना : पेरो मे आलेग्रो दे के आयान बेनिदो.

यात चूक बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्यात होते, कारण मराठी मनात 'थांबेल' आणि 'आलात' तयार असतात. तिसऱ्यात तोंडून 'पारा' किंवा भविष्यकाळी 'पारारा' निघते, चौथ्यात 'आयान'ऐवजी 'आन'. पाहुण्यांना अर्थ कळतो, पण वाक्य चुकल्याचेही लगेच कळते. पहिल्या तुकड्यात 'बायामोस'ऐवजी 'बामोस' म्हणण्याची चूकही होते, कारण मराठीत तिथे 'गेलेलं' आहे. वाक्य मनात 'आपण मंगळवारी जावं' असे फिरवून घेतले की योग्य रूप सुचते.

मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की गौण वाक्यही मागे सरकते : केरिया के बिनिएरास, 'तू यावंस असं मला वाटत होतं'. मराठीचा विध्यर्थ इथे तसाच राहतो, म्हणून वर्तमानकाळ पक्का केलेल्यांचीही 'बेंगास'वर गाडी अडते.