लागॉम आणि ‘बेताचं’: जीवनशैलीच्या लेखात गल्लत कुठे होते

2017 च्या सुमारास स्वीडनमधल्या ‘लागॉम’ या शब्दावर इंग्रजीत पुस्तकांची आणि लेखांची एक लाटच आली. तेव्हापासून घर, जेवण, काम, सुट्टी अशा विषयांवरच्या मराठी लेखांतही तो दिसू लागला. उच्चारात ‘ला’ लांब आणि ‘गॉम’ आखूड असतं. इंग्रजी वळणाचं ‘लॅगम’ स्वीडिश माणसाच्या कानाला खटकेल. मराठीत त्याच्यासाठी सर्वांत आधी सुचणारा शब्द म्हणजे ‘बेताचं’. कोशात हे दोन शब्द शेजारी शोभतात, पण वाक्यात आल्यावर बऱ्याचदा वेगळ्या दिशांना ओढतात.

तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी साधारण 37 अंशांवर असलं की स्वीडिश आई ते लागॉम गरम आहे असं म्हणते. तीच बाई संध्याकाळी सौनात बसली, तर 80 अंशांची हवाही तिला लागॉम गरम वाटू शकते. म्हणजे हा शब्द मोजपट्टीवरची एखादी मधली खूण दाखवत नाही. समोरच्या कामाला जेवढं लागतं, तेवढं आहे, एवढंच तो सांगतो. काम बदललं की आकडाही बदलतो, आणि तो पुष्कळ मोठा असू शकतो. 80 अंशांच्या हवेला मराठीत कोणी ‘बेताची गरम’ म्हणणार नाही. ‘मध्यम’ही चालत नाही, कारण मध्यमाला दोन टोकं आधीच ठरलेली लागतात.

‘बेताचं’ हा शब्द वापरात हळूहळू खाली सरकला आहे. ‘मीठ बेतानं घाल’ यात अजून प्रमाणाचं भान आहे, पण त्यातही हात आखडता घेण्याची सूचना ऐकू येतेच. ‘घरची परिस्थिती बेताची’ म्हणजे ओढाताणीची. ‘बुद्धी बेताची’ म्हणजे काय, हे सांगायला नको. ‘माफक’चंही तसंच झालं. हा शब्द अरबी ‘मुवाफिक’वरून आला, ज्याचा अर्थ जुळणारा, अनुकूल. मुळाकडे पाहिलं तर लागॉमला तो अगदी जवळचा. आज मात्र माफक दर म्हणजे परवडणारे आणि माफक अपेक्षा म्हणजे थोडक्या. ‘पुरेसं’ची अडचण उलटी आहे. ते खालची मर्यादा सांगतं, वरची सांगत नाही. पुरेसं जेवण ताटात उरूही शकतं. स्वीडिशमध्ये पुरेशासाठी ‘तिलरेक्लिट’ हा वेगळा शब्द आहे, म्हणून तिथे लागॉमवर ते ओझं पडत नाही.

फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात. वाक्यातल्या गोष्टीबद्दल विचारा: आणखी चाललं असतं का? कमी चाललं असतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर ते लागॉम. फक्त पहिल्याचं ‘नाही’ आलं तर ‘बेताचं’ किंवा ‘माफक’ बसेल, फक्त दुसऱ्याचं आलं तर ‘पुरेसं’.

आता एक उतारा घेऊ. लेखातला सल्ला असा आहे की बैठकीच्या खोलीत लागॉम वस्तू असाव्यात, डिसेंबरात उजेड लागॉम असावा आणि पाहुण्यांना लागॉम कडक कॉफी द्यावी. घाईत त्याचं मराठी असं होतं:

‘खोलीत बेताच्याच वस्तू ठेवा, उजेड बेताचा असू द्या, कॉफीही बेताचीच कडक करा.’

वाचकाला यातून एक रिकामी, अंधारी खोली दिसते आणि पाणचट कॉफी. मूळ चित्र याच्या उलट आहे. डिसेंबरात स्टॉकहोममध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. त्यामुळे तिथला लागॉम उजेड म्हणजे खिडकीखिडकीत ठेवलेले लहान दिवे आणि मेणबत्त्या, सगळे मिळून बरेच. स्वीडिश लोक कॉफीही पुष्कळ पितात आणि बऱ्यापैकी कडक पितात. तिथली लागॉम कडक कॉफी आपल्याकडच्या दुधाळ कॉफीपेक्षा खूपच कडक लागेल. हाच उतारा असा लिहिता येतो:

‘खोलीत लागतील तेवढ्या वस्तू ठेवा. डिसेंबरात खोलीचे कोपरे उजळतील इतके दिवे लावा. कॉफी चवीला बरोबर उतरेल इतकी कडक करा.’

इथे ‘लागतील तेवढ्या’ लिहिलं आहे, ‘तेवढ्याच’ नाही. तो एक ‘च’ आला की वाक्य पुन्हा काटकसरीकडे झुकतं, आणि अनुवादात तो नकळत येतो. हातातला मजकूर संपल्यावर फक्त हे ‘च’ शोधत एकदा वाचून काढावा.

मराठीत लागॉमच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द बहुधा ‘बरोबर’. ‘मीठ बरोबर आहे का?’ या प्रश्नात कमी आणि जास्त या दोन्ही शंका आहेत. शिवाय तो लागॉमसारखाच अविकारी आहे. मीठ असो, साखर असो वा पाणी, ‘बरोबर’ तसाच राहतो. त्याची मर्यादा अशी की प्रमाणाच्या अर्थानं नामाआधी तो बसत नाही. ‘कॉफी बरोबर झाली’ छान, पण ‘बरोबर कॉफी’ म्हटलं की काय म्हणायचंय ते कळत नाही. तिथे ‘हवी तेवढी’, ‘सोसेल इतकं’, ‘चवीपुरतं’, ‘कामापुरतं’ अशी रूपं वापरावीत. ‘पुरतं’ हा प्रत्यय विशेष उपयोगी, कारण तो कशासाठी तेवढं हे सोबत सांगतो, आणि लागॉमचा आधारही तोच आहे. वेळेबद्दल स्वीडिशमध्ये ‘लागॉम तिल यूल’ म्हणतात. त्याचं ‘नाताळासाठी बरोबर वेळेत’ असं करावं. इथे प्रमाणाचा विषयच नाही.

‘लागॉम एर बेस्त’ ही म्हण आली की अनुवादकाचा हात ‘अति तिथं माती’कडे जातो. ती म्हण फक्त जास्तीवर बोट ठेवते, स्वीडिश म्हण कमीलाही तेवढाच दोष देते. ‘कमी नको, जास्त नको, लागेल तेवढं बरं’ हे साधं वाक्य जास्त प्रामाणिक ठरतं.

व्हायकिंग लोक मद्याचं शिंग फिरवताना प्रत्येकाला घोट मिळेल इतकंच पीत आणि त्या ‘लागेत ओम’वरून, म्हणजे ‘सगळ्या गटाभोवती’ यावरून, हा शब्द आला, अशी गोष्ट जीवनशैलीच्या लेखांत हटकून भेटते. ती लोकांनी रचलेली व्युत्पत्ती आहे. खरं मूळ ‘लाग’, म्हणजे कायदा किंवा रीत. त्याच्या जुन्या विभक्तिरूपातून ‘रीतीप्रमाणे’ असा अर्थ आला. शिंगाची गोष्ट खरी मानली की ‘वाटून घेणं’ हा अर्थ शब्दात शिरतो आणि लेख त्याच दिशेनं भरकटतो.

‘बेताचं’ अचूक बसेल अशी एक जागा मात्र आहे. स्वीडिश माणूस आंबट चेहऱ्यानं एखादी सहल ‘लागॉम रूलित’ झाली म्हणतो, तेव्हा त्याला ती फारशी मजेची वाटलेली नसते. तिथे ‘मजा बेताचीच आली’ असंच लिहावं, आणि इथला ‘च’ ठेवावा. शब्द देशाच्या स्वभावाचं नाव म्हणून आला, तर अनुवाद करू नये. पहिल्यांदा ‘लागॉम, म्हणजे कामाला लागेल तेवढं’ असं लिहून पुढे मूळ शब्दच चालवावा. या अर्थानं तो स्वीडनमध्ये स्वतःवरच्या टीकेतही येतो. दुकानातल्या दीड टक्का स्निग्धांशाच्या ‘मेलनम्योल्क’ दुधावरून आपल्या देशाला मधल्या दुधाचा देश म्हणणारे स्वीडिश लोक आहेत. तो सूर मूळ मजकुरात असेल, तर लागॉमला सुखाचा मंत्र करून टाकणारा मराठी मथळा लेखाच्या विरोधात जाईल.