पहिल्याच वर्षी उणे १५ टक्के: जे-कर्व्हची पार्श्वभूमी

शेअर बाजाराबाहेरच्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या प्रायव्हेट इक्विटी फंडाचं पहिलं वार्षिक विवरण हातात पडलं की नवा गुंतवणूकदार हबकतो. एकही कंपनी बुडालेली नसते, तरी परतावा उणे असतो. याचं मूळ पैसे गोळा करण्याच्या पद्धतीत आहे.

१९४६ मध्ये बोस्टनला सुरू झालेली जॉर्ज डोरियो यांची ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही कंपनी शेअर विकून भांडवल आधीच उभं करत असे. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ड्रेपर, गेदर अँड अँडरसन’ने भागीदारीचा साचा आणला आणि पुढे तोच रूढ झाला. यात गुंतवणूकदार आधी फक्त शब्द देतो. पैसे लागतील तसे फंड मागतो, सहसा दहा-बारा दिवसांच्या नोटिशीवर. हाच कॅपिटल कॉल. व्यवस्थापन शुल्क मात्र सुरुवातीची वर्षं कबूल केलेल्या पूर्ण रकमेवर लागतं.

समजा, तुम्ही १ कोटी कबूल केले आहेत आणि शुल्क २ टक्के आहे. १ एप्रिलला २० लाखांचा कॉल आला. त्यातले २ लाख शुल्कात गेले, १ लाख फंड उभारणीच्या खर्चात, आणि १७ लाख कंपन्यांत लागले. वर्षअखेर या कंपन्या खरेदीच्याच किमतीला दाखवल्या, म्हणून परतावा उणे १५ टक्के. हाच कॉल १ ऑक्टोबरला आला असता, तर तेच ३ लाख वार्षिक दरात उणे २८ टक्के दिसले असते. असा वार्षिक दरात काढलेला परतावा म्हणजे आयआरआर. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांच्या आयआरआरवरून फंड जोखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या वर्षी आणखी २५ लाख गेले, त्यातले २३ लाख गुंतले. आता एक कंपनी बसली आणि तिचे ४ लाख निर्लेखित झाले. भरले ४५ लाख, दिसतात ३६. फसलेली कंपनी लवकर कळते, चांगली वाढायला पाच-सहा वर्षं घेते. परताव्याच्या आलेखाचा तळ इथे तयार होतो, आणि विक्रीचे पैसे येऊ लागले की रेघ इंग्रजी ‘जे’सारखी वर वळते.

पूर्वी हा खड्डा जास्त खोल असे. नवा गुंतवणूकदार चढ्या भावाने येईपर्यंत कंपनी खरेदी किमतीलाच धरायची, असा रिवाज होता. २००६ मध्ये अमेरिकेत आलेल्या एफएएस १५७ या हिशेब-मानकाने रास्त मूल्य, म्हणजे आज विकल्यास येईल ती किंमत, कशी काढायची हे ठरवून दिल्यावर वाढ लवकर दिसू लागली.

खड्डा बुजवण्याची दुसरी वाट मला खटकते. फंड बँकेकडून कर्ज घेऊन गुंतवणूक करतो आणि कॉल महिनोन्‌महिने पुढे ढकलतो. आयआरआरचं घड्याळ उशिरा सुरू होतं, टक्केवारी खुलते, पण व्याज तुमच्याच खिशातून जातं. आपल्याकडे सेबीच्या २०१२ च्या एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक निधींच्या, नियमांनी पहिल्या दोन श्रेणींतल्या फंडांना असं तात्पुरतं कर्ज ३० दिवसांपुरतं आणि वर्षातून चारदाच घेऊ दिलं.

उणे आकडा शुल्काचा की तोट्याचा, हे विवरणात कंपनीवार खरेदी किंमत आणि आजचं मूल्य शेजारी ठेवून पाहावं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी दोन्हीकडे १७ लाखच आहेत. दुसऱ्या वर्षी ४० च्या शेजारी ३६ दिसतात, आणि फंड मॅनेजरला प्रश्न विचारायचा तो या ४ लाखांबद्दल.