भरती-ओहोटी

समुद्राची पातळी ठरावीक काळाने चढणे म्हणजे भरती आणि उतरणे म्हणजे ओहोटी. तिचे मुख्य कारण चंद्राचे गुरुत्वाकर्षण. पण चंद्र नुसता पाणी ओढत असता, तर भरती दिवसातून एकदाच, तो डोक्यावर असताना आली असती. ती बहुतेक किनाऱ्यांवर दोनदा येते.

याचे उत्तर ओढीत नसून ओढीतल्या फरकात आहे. पृथ्वीची चंद्रासमोरची बाजू तिच्या केंद्रापेक्षा चंद्राला सुमारे ६,४०० किमी जवळ असते, तर पलीकडची तेवढीच दूर. त्यामुळे केंद्राच्या मानाने समोरच्या पाण्यावर चंद्राची ओढ सुमारे ३ टक्के जास्त आणि पलीकडच्या पाण्यावर तितकीच कमी पडते. समोरचे पाणी पृथ्वीच्या पुढे सरू पाहते, पलीकडचे मागे रेंगाळते आणि दोन्हीकडे फुगवटा येतो. हे बल पाणी सरळ वर उचलण्याइतके मोठे नाही. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या ते जेमतेम एक कोट्यंश भरते. पाणी आडव्या दिशेने सरकत येऊन साचते.

सूर्य पृथ्वीला चंद्राच्या कितीतरी पट जोराने ओढतो. मात्र तो फार दूर असल्याने दोन बाजूंमधला फरक लहान राहतो आणि भरतीतला त्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहूनही कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे बल एका रेषेत येऊन उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना छेद देतात, तेव्हा भांगाची भरती असते.

पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही पुढे सरकलेला असतो. म्हणून तो पुन्हा माथ्यावर यायला २४ तास ५० मिनिटे लागतात आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा मुंबई-कोकणातला हिशेब यावरच उभा आहे. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, आणि दुसऱ्या बंदरात तो जास्तही असू शकतो.

कारण फुगवट्यांचे हे चित्र खऱ्या समुद्राला पुरते लागू पडत नाही. खोल समुद्रात भरतीची लाट सेकंदाला सुमारे २०० मीटर धावते, तर विषुववृत्तावर चंद्राखालचा बिंदू साडेचारशे मीटर वेगाने पळतो. लाट मागे पडते, शिवाय मध्ये खंडे आडवी येतात. म्हणून भरती प्रत्येक सागरखोऱ्यात चक्राकार फिरणाऱ्या लाटेचे रूप घेते. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १७७० च्या दशकात हे गणित मांडले. खोऱ्याची लांबी आणि खोली ज्या लयीला जुळते, ती लय तिथे वाढते. अटलांटिकला अर्ध्या दिवसाची लय जुळते. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असताना दोन भरत्या असमान होतात आणि एका दिवसाची लयही तयार होते. व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातात तीच बळावते, म्हणून तिथल्या दो सॉन किनाऱ्यावर बहुतेक दिवशी भरती एकदाच येते.