अर्ज करण्याआधीचे तीन आठवडे: लिंक्डइनवर योग्य माणसांच्या नजरेत कसे यावे
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कंपनीच्या पानावर Follow दाबलं की तिथल्या लोकांना आपलं नाव कळतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. फॉलोअर्सची यादी पान सांभाळणाऱ्यांना दिसते, पण ती कुणी रोज उघडून बसत नाही. भरती करणाऱ्यांच्या सशुल्क लिंक्डइन रिक्रूटरमध्ये मात्र कंपनीत आधीच रस दाखवलेले उमेदवार वेगळे काढण्याची सोय असते, आणि तिथे फॉलो केल्याचा उपयोग होऊ शकतो. म्हणून फॉलो जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका.

नाव खरं पोहोचतं ते कमेंटमधून. पोस्ट लिहिणाऱ्याला सूचना जाते आणि कमेंटशेजारी तुमचा फोटो, नाव आणि हेडलाइनची सुरुवात दिसते. हेडलाइनला 220 अक्षरांची मुभा असली तरी तिथे, विशेषतः मोबाइलवर, पहिले काही शब्दच मावतात. ती जागा ‘नवीन संधीच्या शोधात’ या शब्दांना देऊ नका. ‘क्वालिटी इंजिनिअर, ॲल्युमिनियम डाय कास्टिंग’ असं लिहिलंत, तर प्रोफाइल न उघडताही समोरच्याला कळतं की हा आपल्याच कामातला माणूस आहे.

आता माणसं निवडायची. कंपन्या पाच-सहाच घ्या आणि प्रत्येकीतली तीन-चार माणसं. कंपनीच्या पानावरच्या People मध्ये पदनाम आणि शहर टाकून शोधा. तुमचा होऊ शकेल असा साहेब, त्याच्या बरोबरीचे दोघे आणि त्या विभागाची भरती पाहणारी व्यक्ती, एवढे पुरे. सर्वोच्च अधिकाऱ्याच्या पोस्टखाली शेकडो कमेंट असतात, तिथे तुमची दिसणार नाही. मग शोधपट्टीत विषयाचा शब्द टाका, Posts निवडा आणि फिल्टरमध्ये Author company ला ती कंपनी द्या. कोण खरंच लिहितं ते लगेच कळतं. त्यांच्या प्रोफाइलवरची घंटा चालू ठेवा, म्हणजे नवी पोस्ट पडल्याचं समजेल.

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या कारखान्यात चार वर्षं काम केलेला क्वालिटी इंजिनिअर आहे. त्याला हव्या असलेल्या कंपनीच्या क्वालिटी मॅनेजरने लिहिलं, की लीक टेस्टमधलं रिजेक्शन आम्ही निम्म्यावर आणलं. ‘अभिनंदन सर, प्रेरणादायी!’ असं वीस जण लिहितात आणि मॅनेजरला त्यातला एकही आठवत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘मशीनिंगनंतर वरचा घट्ट थर निघून जातो आणि आतली पोरोसिटी उघडी पडते, म्हणून गळती बहुतेक तिथेच सापडते. तुम्ही मशीनिंग अलाउन्स कमी केला, की कास्टिंगचा प्रेशर वाढवला?’ तीन ओळींत स्वतःचं ज्ञान दिसलं, आणि उत्तर द्यावंसं वाटेल असा प्रश्नही झाला. पोस्ट इंग्रजीत असेल तर कमेंटही इंग्रजीत करा. उत्तर आलं तर त्यावर एकदा बोला आणि तिथेच थांबा.

आठवड्याला अशा दोन-तीन कमेंट पुरतात. एकाच माणसाच्या प्रत्येक पोस्टवर पाच मिनिटांत हजर झालात, तर तो सावध होतो. कमेंटमध्ये ‘माझं प्रोफाइल बघा’ लिहिलंत, तर आधीच्या चांगल्या कमेंटही नोकरीसाठीच होत्या असं दिसतं. दोनदा उत्तर मिळाल्यावर मात्र त्याच चर्चेचा संदर्भ देऊन कनेक्शन पाठवायला हरकत नाही.

उपयोग होतोय का, हे ‘प्रोफाइल कुणी पाहिलं’ या यादीत बघा. त्या कंपनीतली नावं किंवा पदं दिसू लागली तर होतोय. त्याचबरोबर Profile viewing options मध्ये प्रायव्हेट मोड चालू नाही ना, तेही तपासा. तो चालू असेल तर तुम्ही त्यांचं प्रोफाइल पाहिलंत हे त्यांना कळत नाही आणि मोफत खात्यात तुम्हालाही पाहणाऱ्यांची यादी मिळत नाही.

जागा आधीच जाहीर झाली असेल, तर तीन आठवडे थांबणं चूक आहे. अर्ज त्याच दिवशी करा, कमेंट नंतर सुरू करा. आणि त्या विभागातलं कुणीच लिहीत नसेल, जे कारखान्यांमध्ये बरेचदा घडतं, तर ही पद्धत तिथे चालत नाही. तिथे जुन्या सहकाऱ्यांपैकी ओळखीचं कुणी आहे का, हे शोधणं जास्त उपयोगाचं.

सध्या नोकरीत असाल तर हे नीट वाचा. तुमच्या कमेंट प्रोफाइलवरच्या Activity मध्ये दिसतात, म्हणजे आजच्या साहेबांनाही त्या दिसू शकतात. एकाच कंपनीच्या लोकांवर सगळ्या कमेंट असतील तर अंदाज बांधायला वेळ लागत नाही. म्हणून इतर कंपन्यांतल्या लोकांच्या पोस्टवरही अधूनमधून लिहा. आणि आपल्या कारखान्यातले रिजेक्शनचे आकडे, ग्राहकांची नावं, ड्रॉइंगमधली मापं कमेंटमध्ये कधीही टाकू नका. गोपनीयतेचा करार मोडला जाऊ शकतो, आणि वाचणाऱ्या मॅनेजरलाही वाटतं की हा माणूस उद्या आमचे आकडेही बाहेर सांगेल.