कॉइलशेजारचा ठिपका कशासाठी?

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने मऊ लोखंडाच्या जाड कड्यावर समोरासमोर दोन कॉइल गुंडाळल्या. तारांचे वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कापड घातलं होतं. पहिल्या कॉइलला बॅटरी जोडताच दुसरीच्या तारेजवळची चुंबकसुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी तोडल्यावर ती परत हलली. कडं समोर होतं, त्यामुळे कुठली तार कोणत्या दिशेने गुंडाळली आहे, हे डोळ्यांनी दिसत होतं.

१८६५ साली मॅक्सवेलने अशा दोन कॉइलची समीकरणं मांडली. x आणि y हे त्यांतले प्रवाह. पहिलीत रोधाबरोबर Lx + My या राशीच्या बदलाचा दर येतो, तर दुसरीत Mx + Ny चा. L आणि N हे त्या-त्या कॉइलचं स्वतःचं इंडक्टन्स, तर M हे दोघींमधलं परस्पर इंडक्टन्स. दोन्हींत M तोच. आज आपण लूपसाठी लिहितो ते हेच:

v1 = R1·i1 + L1·di1/dt ± M·di2/dt

मॅक्सवेलने नुसतं अधिक लिहिलं, कारण M स्वतःच धन किंवा ऋण असू शकतो. आपण M धन धरतो आणि चिन्ह बाहेर काढतो. पण कागदावर काढलेल्या कॉइलमध्ये गुंडाळणीची दिशा दिसत नाही, मग चिन्ह ठरवायचं कसं? ती हरवलेली माहिती आकृतीत प्रत्येक कॉइलच्या एका टोकाशी काढलेला ठिपका परत देतो. दोन्ही प्रवाह ठिपक्याच्या टोकातून आत शिरत असतील, किंवा दोन्ही तिथूनच बाहेर पडत असतील, तर त्यांचे फ्लक्स एकमेकांत मिळतात आणि M पुढे अधिक येतं. एक आत आणि दुसरा बाहेर असेल, तर उणे.

खरी चूक एकाच लूपमध्ये दोन्ही कॉइल आल्या की होते. समजा 4 mH आणि 6 mH च्या कॉइल एकापाठोपाठ जोडल्या आहेत, M = 2 mH आहे आणि प्रवाह दोन्हींत ठिपक्यातूनच शिरतो. पहिलीवरचा दाब (4 + 2)·di/dt, कारण दुसरीतला प्रवाह तिच्यावर परिणाम करतो. पण पहिलीतला प्रवाहही दुसरीवर तितकाच परिणाम करतो, म्हणून तिच्यावर (6 + 2)·di/dt. एकूण 14 mH. अनेक जण M एकदाच मिळवून 12 लिहितात. प्रत्येक कॉइलपाशी थांबून ‘हिच्यावर दुसरीचा परिणाम घेतला का?’ असं स्वतःला विचारलं, की ही चूक टळते.

आता एकाच कॉइलची टोकं उलटी जोडा: 4 + 6 − 4 = 6 mH. ठिपके पुसले गेलेले असोत की मुळात नसोत, इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरने दोन्ही जोडण्या मोजायच्या. आकडा मोठा येतो त्या जोडणीत प्रवाह ज्या टोकांतून शिरतो, ती ठिपक्याची टोकं. दोन आकड्यांतला फरक 8, त्याचा चौथा भाग 2 mH, म्हणजे M.